न पाहता खेळण्याची पूर्वतयारी : घरांचे रंग आणि घोड्याच्या वाटा

नाशिकमध्ये बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या मुलांना आज विदित गुजराथीचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झालेला हा आपल्या गावचा खेळाडू २०२३ मध्ये ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्ससाठी पात्र ठरला. पुढच्याच वर्षी टोरांटोमध्ये त्याने हिकारू नाकामुराला एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी हरवले. ते डाव घरोघरी मोबाइलवर पाहिले गेले, आणि त्यानंतर मुलांच्या एका प्रश्नाला धार आली. ‘पुढच्या सात-आठ खेळ्या हे लोक डोक्यात कशा बघतात? आम्हाला तिसऱ्या खेळीलाच सगळे पुसट होते.’ या अभ्यासपुस्तिकेचा जन्म त्या प्रश्नातून झाला आहे.

पट न पाहता खेळणे ही वेगळी सिद्धी आहे, असे अनेकांना वाटते. पण ज्याला आपण ‘पुढचे पाहणे’ म्हणतो, तेच काम इथे पूर्णपणे मनात करायचे असते. समोर पट मांडलेला असतानाही चौथ्या खेळीनंतरची स्थिती पटावर नसतेच, ती मनातच असते. पटावरची जुनी स्थिती उलट डोळ्यांत खुपत राहते. वासिली इवानचुकसारखा खेळाडू विचार करताना छताकडे पाहत बसतो, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते. १९९३ ते २०११ या काळात दरवर्षी भरणाऱ्या अँबर स्पर्धेत जगातले पहिल्या फळीचे खेळाडू अर्धे डाव जलदगतीने, पट पाहून खेळत, आणि अर्धे न पाहता. न पाहता खेळताना त्यांच्यासमोर पडद्यावर फक्त रिकामा पट असे. ख्रिस्तोफर चॅब्रिस आणि एलियट हर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या दोन्ही प्रकारांतल्या चुका संगणकाच्या मदतीने मोजल्या. न पाहता खेळलेल्या डावांत घोडचुका फारशा वाढलेल्या दिसल्या नाहीत. ग्रँडमास्टरांच्या बाबतीत डोळ्यांचा वाटा आपण समजतो त्याहून कमी आहे, हे त्यातून दिसते.

मग त्यांच्या मनात नेमके काय असते? आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने हाच प्रश्न घेऊन त्या काळच्या नामवंत खेळाडूंना विचारणा केली आणि १८९४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याची सुरुवातीची अपेक्षा अशी होती की या खेळाडूंच्या मनात पटाचे छायाचित्रासारखे स्वच्छ चित्र उमटत असेल. उत्तरे वेगळी आली. बऱ्याच खेळाडूंना मोहऱ्यांचा आकार किंवा लाकडाचा रंग दिसत नव्हता. कोण कुठे आहे आणि तिथून कुठे मारा करतो, एवढेच त्यांना ठाऊक असे. एका खेळाडूने कागदावर काढून दिलेल्या स्थितीत मोहऱ्यांच्या जागी त्यांच्या हालचालींच्या रेषाच जास्त ठळक होत्या.

नाशिककराला हे पटायला जड जाऊ नये. रविवार कारंज्यावरून पंचवटीत कसे जायचे, असे विचारले तर आपण डोळ्यांसमोर रस्त्याचे छायाचित्र आणत नाही. होळकर पूल ओलांडला की मालेगाव स्टँड आणि तिथून पुढे पंचवटी कारंजा, ही जोडणी आपल्याला माहीत असते. पटावरच्या ६४ घरांशी अशी ओळख करून घेणे, हे या पुस्तिकेचे काम आहे. ‘मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने म्हणूनच घाबरू नये. दिसण्याची अट कुणी घातलेली नाही.

पहिली पायरी घरांच्या रंगांची आहे. ती पोरकट वाटते आणि म्हणून बहुतेक जण ती ओलांडून पुढे उडी मारतात. पुढे घोडा हातून सुटू लागला की परत इथेच यावे लागते.

नियम सोपा आहे. ए१ हे घर काळे. ए, सी, ई आणि जी या पट्ट्यांवर विषम क्रमांकाची घरे काळी व सम क्रमांकाची पांढरी. बी, डी, एफ आणि एच या पट्ट्यांवर याच्या उलट. या हिशेबाने ई४ पांढरे, एफ६ काळे, एच१ पांढरे. नियम पाच मिनिटांत समजतो, पण अडचणही तिथूनच सुरू होते, कारण मूल प्रत्येक वेळी हा हिशेब करून उत्तर देऊ लागते. उत्तर बरोबर येते, पण ते ओळखीतून आलेले नसते. डावाच्या धावपळीत या हिशेबाला वेळ मिळत नाही आणि तो करण्यात जी शक्ती खर्च होते ती स्थिती धरून ठेवण्यातून वजा होते.

हिशेब चालू आहे की ओळख झाली आहे, हे समोर बसलेल्याला सहज कळते. हिशेब करणाऱ्याचे ओठ हलतात, बोटे मुडपली जातात, आणि ए-बी-सी पट्ट्यांची उत्तरे चटकन येऊन एफ-जी-एच ची रेंगाळतात, कारण अक्षर मोजत जावे लागते. ओळख झालेल्याला एच६ आणि बी२ साठी सारखाच वेळ लागतो. घराचे नाव उच्चारून संपता संपता रंग तोंडातून बाहेर पडला पाहिजे. असे सलग वीस घरांना जमले की ही पायरी झाली, त्याआधी नाही.

हिशेबाकडून ओळखीकडे नेणारे दोन मार्ग मला सर्वांत उपयोगी वाटतात. पहिला पट चार तुकड्यांत पाहण्याचा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातली, म्हणजे ए१ ते डी४ यांमधली सोळा घरे आधी पक्की करावीत. उरलेले तीन तुकडे म्हणजे याच सोळा घरांची जशीच्या तशी नक्कल आहे. चार घरे उजवीकडे किंवा चार घरे वर सरकले तरी रंग बदलत नाही. सी२ पांढरे आहे म्हणून जी२ पांढरे, सी६ पांढरे आणि जी६ ही पांढरेच. चौसष्ट घरांचे ओझे असे सोळांवर येते.

दुसरा मार्ग खेळातून जातो आणि तो अधिक टिकतो. सी४ वरचा उंट एफ७ वरच्या प्याद्यावर डोळा ठेवून असतो, हे प्रत्येक नवशिक्याला पहिल्या महिन्यात कळते. म्हणजे सी४, डी५, ई६ आणि एफ७ एकाच रंगाची, पांढरी. डी३ वरचा उंट एच७ कडे पाहतो, म्हणून ती तिरकी रेषाही पांढरी. बी२ वर बसवलेला उंट जी७ पर्यंत पाहतो, ती ए१ पासून एच८ पर्यंतची काळी महारेषा. रंग असा उंटाच्या कामाशी जोडला गेला की तो पाठ करावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात घरे आणि दुसऱ्या आठवड्यात तिरक्या रेषा, असे करावे. ‘जी१ पासून ए७ पर्यंतच्या रेषेवरची घरे सांग’ असे विचारले की जी१, एफ२, ई३, डी४, सी५, बी६, ए७ अशी मालिका न अडखळता यावी. अडखळण्याची जागा बहुधा मध्यावर असते, डी४ आणि सी५ च्या आसपास, कारण तिथे मूल ए१-एच८ च्या रेषेवर घसरते.

काळ्या बाजूने खेळताना पट उलटा होतो आणि सगळे विसरायला होते, असेही मुले सांगतात. पट अर्ध्या वर्तुळात फिरवला तरी प्रत्येक घराच्या जागी त्याच रंगाचे घर येते. ई४ च्या जागी डी५ येते आणि दोन्ही पांढरी आहेत. दोन्ही खेळाडूंच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरेच घर असते, ते याचमुळे. सरावात मात्र घरांची नावे दोन्ही बाजूंनी विचारायला हवीत. सहाव्या, सातव्या आणि आठव्या रांगेतली घरे बहुतेकांची कच्ची राहतात, कारण सराव नेहमी पांढऱ्याच्या खुर्चीतून झालेला असतो.

अंध खेळाडूंच्या पटाचा इथे उल्लेख करतो, कारण रंगाचे मोल त्या पटाइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. त्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात मोहरा रोवायला भोक असते आणि काळ्या मोहऱ्यांवर बोटाला लागेल अशी खूण असते. रंग म्हणजे तिथे उंची. खेळी मोठ्याने सांगायची आणि अक्षरांच्या उच्चारांत गल्लत होऊ नये म्हणून ए ला ॲना, बी ला बेला, सी ला सीझर, डी ला डेव्हिड, ई ला ईव्हा, एफ ला फेलिक्स, जी ला गुस्ताव आणि एच ला हेक्टर म्हणायचे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अंधांच्या बुद्धिबळाची देशपातळीवरची संघटना उभी करण्यात मुंबईच्या चारुदत्त जाधव यांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः दृष्टिहीन खेळाडू आहेत. डोळस मुलांनी असा पट एकदा हाताळावा. दहा मिनिटे बोटांनी घोडा फिरवला की रंग बदलतो म्हणजे काय, हे तळहाताला कळते.

इथून दुसरी पायरी सुरू होते, घोड्याची. घोड्याची वाट हा आपल्याकडचा जुना विषय आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या ‘काव्यालंकार’ या ग्रंथात तुरगपदबंध नावाची रचना येते. अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत श्लोकाची अक्षरे भरायची आणि घोड्याच्या चालीने वाचली तरी तोच श्लोक यावा, अशी ती करामत आहे. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ लिहिला. हे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थिरावलेले. त्या ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाच्या वर्णनासोबत घोड्याने सगळा पट फिरण्याची वाट श्लोकबद्ध केलेली आहे. पट समोर नसताना वाट मनात राहावी यासाठी शब्दांचा आधार घेण्याची ही पद्धत आजच्या सरावाला अगदी जवळची आहे. आपणही वाटा मोठ्याने म्हणत शिकणार आहोत.

घोड्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी मनावर ठसवावी. प्रत्येक चालीत तो रंग बदलतो. डी४ काळे आहे. तिथून घोडा ई६, एफ५, एफ३, ई२, सी२, बी३, बी५, सी६ या आठ घरांवर जातो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजून. आठही पांढरी आहेत. रंगांची पायरी आधी ठेवण्याचे कारण हेच, की रंग हा घोड्याचा पहारेकरी आहे. मनातल्या मनात घोडा चालवताना मुले साधारणपणे तीन चुका करतात. डी४ वरून तिरके एक घर जाऊन ई५ म्हणतात, तिरकी दोन घरे जाऊन एफ६ म्हणतात, किंवा सरळ दोन घरे जाऊन एफ४ म्हणतात. ही तिन्ही घरे काळी आहेत. रंग जिभेवर असेल तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पहाऱ्याची मर्यादाही सांगायला हवी. शेजारच्या ई४ वर किंवा तीन घरे दूरच्या जी४ वर कुणी घोडा नेला, तर रंग बदललेलाच असतो आणि ही चूक सुटून जाते. म्हणून रंगाबरोबर आठ घरांची फेरीही पाठ हवी.

फेरीचा सराव मधल्या घरांपासून कडेकडे न्यावा. डी४, डी५, ई४ आणि ई५ यांच्या फेऱ्या आधी, मग एफ३ व सी३ यांच्या, कारण डावात घोडे तिथेच जास्त बसतात. कडेच्या घरावरून चार किंवा तीनच वाटा निघतात आणि कोपऱ्यातून दोन. ए१ वरून फक्त बी३ आणि सी२. फेऱ्या येऊ लागल्या की अंतरे शिकावीत. तिरक्या शेजारच्या घरात जायला घोड्याला दोन चाली लागतात. डी४ वरून ई५ ला जायचे तर एफ३ मार्गे किंवा सी६ मार्गे, तिसरा रस्ता नाही. सरळ शेजारच्या घरासाठी तीन चाली : डी४, एफ५, डी६, ई४. तिरक्या रेषेवर दोन घरे दूर असलेले घर फसवे आहे. जवळ दिसते, पण चार चाली घेते : डी४, ई२, जी३, एच५, एफ६. डावात आपला राजा शत्रूच्या घोड्यापासून लपवायचा असेल तर हेच घर शोधावे, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोपऱ्यात सारे बिघडते. ए१ वरून बी२ हे तिरक्या शेजारचे घर, पण दोनऐवजी चार चाली लागतात : ए१, सी२, ई३, सी४, बी२.

या अंतरांत चालींची संख्या सम की विषम, हे घरांचे रंग आधीच सांगून टाकतात. सुरुवातीचे आणि शेवटचे घर एकाच रंगाचे असेल तर चाली सम, वेगळ्या रंगाचे असेल तर विषम. ए१ आणि एच८ दोन्ही काळी, म्हणून त्या प्रवासाला पाच किंवा सात चाली लागूच शकत नाहीत. सहा लागतात : सी२, डी४, ई६, एफ४, जी६, एच८. मुलाने पाच म्हटले तर वाट तपासायची गरज नाही. रंग विचारा, चूक त्यालाच कळेल.

आता एका उदाहरणाचे पहिले टप्पे सोडवून दाखवतो, कारण या पायरीचा सगळा अर्क त्यात आहे. हा सराव बुद्धिबळाच्या जगात सर्वत्र चालतो. रिकाम्या पटावर डी५ वर काळा वजीर आहे आणि एच८ वर पांढरा घोडा. वजीर हलत नाही. घोड्याने आठव्या रांगेतली, वजिराच्या माऱ्यात नसलेली घरे उजवीकडून डावीकडे क्रमाने गाठायची, आणि वाटेतही माऱ्यातल्या घरावर पाऊल ठेवायचे नाही. आधी पट पाहून नाही, डोळे मिटून विचार करा.

पहिले काम वजिराच्या रेषा मनात उभ्या करण्याचे. डी पट्टी आणि पाचवी रांग सगळी बंद. तिरक्या रेषा दोन : ए८, बी७, सी६ वरून डी५ आणि पुढे ई४, एफ३, जी२, एच१, दुसरी ए२, बी३, सी४ वरून डी५ आणि पुढे ई६, एफ७, जी८. वजीर पांढऱ्या घरात आहे, म्हणून तिरक्या रेषांवरची सगळी घरे पांढरी. आठव्या रांगेत जी८, डी८ आणि ए८ बंद झाली. घोड्याचे पहिले ठिकाण एफ८. एच८ वरून दोनच वाटा, एफ७ आणि जी६. एफ७ माऱ्यात आहे. म्हणून जी६ आणि तिथून एफ८. दोन चाली, दोन्ही घरे काळी, हिशेब जुळला.

पुढचे ठिकाण ई८, अगदी खेटून. एफ८ वरून डी७ आणि ई६ बंद आहेत, उरतात जी६ आणि एच७. एच७ वरून एफ६ आणि एफ६ वरून ई८. तीन चाली, रंग बदलला, ठीक. आता सी८. डी८ बंद असल्याने ते सोडून एक घर पलीकडचे हे ठिकाण आहे. ई८ आणि सी८ दोन्ही पांढरी, म्हणजे चाली सम. साधारणपणे दोन चालींत डी६ मार्गे जाता आले असते, पण डी६ वजिराच्या पट्टीवर. मग चारमध्ये जमते का? सी८ ला पोचण्याच्या वाटा ए७, बी६ आणि ई७ वरून येतात, डी६ सोडून. ए७ ला येणारी बी५ आणि सी६ दोन्ही बंद, म्हणून ए७ निरुपयोगी. बी६ ला फक्त ए४ वरून येता येते आणि ते फार दूर आहे. उरले ई७, आणि तिथे सुरक्षित येता येते ते केवळ जी६ वरून. म्हणजे आपण ज्या जी६ वरून आलो तिथेच परत जायचे : ई८, एफ६, एच७, एफ८, जी६, ई७, सी८. सहा चाली. दोन घरे डावीकडे जाण्यासाठी घोड्याला पटाच्या उजव्या कडेपर्यंत मागे फिरावे लागले.

हा टप्पा बहुतेकांना अडवतो. पुढे पुढे शोधत राहिले तर वाट सापडत नाही, कारण मन जवळच्या घरांभोवती घुटमळते. शेवटच्या घरापासून उलट मागे आले की दोनच प्रश्नांत वाट एकेरी होते. आणखी एक खूण पाहावी. शिकणारा ई८ पर्यंत आल्यावर ‘वजीर कुठे होता?’ असे विचारतो का? विचारत असेल तर त्याने घोडा धरताना वजीर सोडला आहे. अशा वेळी वजिराऐवजी हत्ती ठेवून, म्हणजे फक्त डी पट्टी आणि पाचवी रांग बंद करून, हाच सराव आधी करावा. अवघड पायरीवर रेटत राहण्यापेक्षा एक पायरी उतरणे केव्हाही चांगले. सरावाला रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. डोके जड झाल्यावर दिलेली उत्तरे चुकीची सवय लावतात.

यापुढच्या प्रकरणांत तीन-चार मोहऱ्यांच्या स्थिती आणि मग छोटे डाव येतात. त्यांविषयी इथे थोडेच सांगतो. पहिल्या डावासाठी मी लेगालचा सापळा निवडला आहे. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू. त्याचा शिष्य फिलिदोर पट न पाहता एकाहून अधिक डाव एकाच वेळी खेळून युरोपभर गाजला. डाव असा : १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६ ५. घोडा ई५ वरचे प्यादे घेतो, उंट डी१ वरचा वजीर घेतो ६. उंट एफ७ वरचे प्यादे घेऊन शह, राजा ई७ ७. घोडा डी५, मात. दोनदा मोठ्याने वाचा, डोळे मिटा आणि स्वतःला विचारा की मात का झाली. राजा डी७ ला का जाऊ शकत नाही? ई५ वरचा घोडा पाहतो आहे. एफ६ ला? डी५ वरचा घोडा. ई६ आणि ई८? एफ७ वरचा उंट. मग त्या उंटालाच का मारू नये? पुन्हा ई५ वरचा घोडा. डी६ ला स्वतःचे प्यादे, डी८ ला स्वतःचा वजीर, एफ८ ला स्वतःचा उंट.

इथे अडखळणाऱ्या बहुतेकांची चूक एकच असते. त्यांच्या मनात पांढरा घोडा अजून एफ३ वरच उभा असतो. त्याने ई५ वर प्यादे घेतल्याचे त्यांनी ऐकलेले असते, पण चित्र बदललेले नसते, आणि मग डी७ मोकळे वाटते व एफ७ वरचा उंट फुकट मिळेल असे वाटते. सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस यांनी या रेंगाळणाऱ्या जुन्या प्रतिमेचा अभ्यास केला होता. मुरलेल्या खेळाडूंच्या चुकांतही ती सापडते. उपाय साधा आहे. प्रत्येक खेळीनंतर मोहरा जिथून उठला ते घर रिकामे झाल्याचे आधी म्हणायचे आणि मग नव्या घराचे नाव घ्यायचे : ‘एफ३ रिकामे, घोडा ई५ वर, काळे घर.’ महिनाभर हे मोठ्याने, मग मनात.

या सरावातून काय मिळणार नाही, तेही स्पष्ट सांगतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निष्णात खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, तेव्हा त्यांनी ती नवशिक्यांपेक्षा कितीतरी चांगली मांडून दाखवली. मोहरे वाटेल तसे विखुरलेले असताना मात्र त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. निष्णातांना मोहऱ्यांचे ओळखीचे समूह आठवतात, सुटे मोहरे नव्हेत. ते समूह हजारो डाव खेळून आणि पाहून मनात बसतात. रंग आणि घोड्याच्या वाटा त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांनी पटाची जमीन पक्की होते आणि ओळखीचे समूह तिच्यावर नीट उभे राहतात, एवढेच. तिमूर गारेयेव याने डिसेंबर २०१६ मध्ये लास व्हेगासला पट न पाहता एकाच वेळी ४८ डाव खेळले. तसे काही करून दाखवणे हा या पुस्तिकेचा उद्देश नाही, आणि लहान मुलांना एकाच वेळी अनेक डाव असे खेळायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक डाव, पहिल्या दहा खेळ्या, थकवा जाणवताच थांबणे, इतके पुष्कळ आहे.

पालकांना एक विनंती. तुम्हाला बुद्धिबळ येत नसले तरी पहिल्या दोन पायऱ्यांचा सराव तुम्हीच घेऊ शकता. घराचे नाव विचारायचे, रंग ऐकायचा, आणि शेवटी दिलेल्या तक्त्यावरून तपासायचा. पट कपाटात ठेवा, पहिले पान उघडा आणि एच६ पासून सुरुवात करा.